कोकणात ४८० चौ. फुटांचं प्रीफॅब घर : चिऱ्याच्या घरापुढे काय मिळतं, काय जातं?

ओटीवरची | शनिवार, सकाळी १०:१२

नमस्कार मंडळी. संगमेश्वर तालुक्यात आमचं जुनं मातीचं घर आहे, गेल्या जुलैत मागची भिंत पडली. आईबाबा सध्या पुण्यात माझ्याकडे आहेत पण त्यांचं मन इथे रमत नाही, रोज गावाकडचा विषय निघतो. तर त्याच जोत्याशेजारी २४ बाय २० फुटांचं छोटं घर बांधायचंय, एक खोली, हॉल, स्वयंपाकघर, संडास-बाथरूम आणि समोर पडवी. गावातले गवंडी म्हणतात दिवाळीनंतर सुरू केलं तर मेअखेर होईल, पण माणसं मिळाली तर. एका प्रीफॅबवाल्याने एलजीएसएफचं कोटेशन दिलंय, म्हणजे पत्र्याच्या पातळ चॅनलचा सांगाडा, दोन्ही बाजूंनी बोर्ड, मधे रॉकवूल, वर दोन पत्र्यांमधे फोम भरलेल्या पफ पॅनलचं छप्पर. ४५ दिवसांत उभं करून देतो म्हणतात. दर १८५० रुपये चौ. फूट. चिऱ्याचा अंदाज गवंड्याने २३०० सांगितलाय, जोत्यासकट.

ज्यांनी असं घर बांधलंय किंवा त्यात राहिलेत त्यांनी सांगा. जाहिरातीतलं सगळं वाचून झालंय, मला पाचव्या पावसाळ्यात काय होतं ते हवंय.

---

चिरेबंदी | शनिवार, १०:४०

ताई, स्पष्ट सांगतो, लोखंड कोकणात टिकत नाही. खिडकीचे गज पाच वर्षांत पापुद्रे धरतात तिथे अख्खं घर पत्र्याच्या चॅनलवर उभं करायचं? आमचं घर आजोबांनी बांधलेलं, चिऱ्याला आजवर हात लावावा लागला नाही, फक्त कौलं चाळतो दरवर्षी. चार महिने वाचवायला चार पिढ्यांचं घर घालवू नका.

---

शेतघर२१ | शनिवार, ११:२५

मी पण हेच शोधतोय, कंटेनर घर. माझं शेत पाटणजवळ आहे, वीस फुटी कंटेनर आणून ठेवायचा, आत बेड किचन सगळं. कंटेनर ठेवला तर बांधकाम धरत नाहीत ना, म्हणजे परवानगी लागत नाही असं ऐकलंय. कोणी ठेवलाय का?

---

सांधेजोड | शनिवार, दुपारी १:०५

मी चौदा वर्षं याच कामात आहे, आधी फॅब्रिकेशन आणि आता साइटवर उभारणी, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

@शेतघर, तुमचा प्रश्न वेगळा आहे. ताईंचं घर सुट्या भागांचं, साइटवर जोडायचं. तुमचं तयार खोकं. राहायला वापरणार, संडासची टाकी जोडणार, वीज घेणार, तर कंटेनर आहे म्हणून परवानगीतून सुटका होईल असं धरून चालू नका, ग्रामपंचायत आणि तहसीलला आधी विचारा. आणि कंटेनर बाहेरून आठ फूट रुंद असतो, आतून इन्सुलेशन आणि बोर्ड केला की हाताशी जेमतेम सात फूट उरतात. बेड आडवा टाकला की चालायला जागा नाही. दोन दिवस राहायला ठीक, आईवडिलांना बारा महिने राहायला नाही.

@ओटीवरची, पहिला प्रश्न घराचा नाही, रस्त्याचा. तुमच्या घरापर्यंत कोणती गाडी येते?

---

ओटीवरची | शनिवार, १:३०

डांबरी रस्ता देवळापर्यंत. तिथून पुढे अडीचशे-तीनशे फूट पाखाडी आहे, बैलगाडी जाईल एवढी, एक वळण आहे. पिकअप देवळाजवळ थांबते.

---

सांधेजोड | शनिवार, २:१०

मग तयार खोल्या ट्रकवर आणून क्रेनने बसवायचा प्रकार तुमच्यासाठी बाद. हायड्रा क्रेन देवळापलीकडे येणारच नाही, आणि आली तरी १४ टनाची म्हणतात ती उचल बूम, म्हणजे क्रेनचा हात, जवळ असताना असते, तो वीस-पंचवीस फूट लांब काढला की त्याच्या लहानशा हिश्श्यावर येते. लोक मॉड्यूल ऑर्डर करतात आणि मग आंब्याचं झाड तोडायची वेळ येते.

सुट्या चॅनलचं मात्र उलट आहे. तुमच्या मापाच्या घराचा सांगाडा सगळा मिळून दोन-अडीच टन. सगळ्यात लांब तुकडा वीस फुटांचा, दोन माणसं खांद्यावर नेतात. आता चिऱ्याचा हिशोब बघा, एक चिरा पंचवीस-तीस किलो, तो देवळापासून डोक्यावरून वाहायचा, वर वाळू, सिमेंट, पाणी. माझ्या मते तुमच्या केसमध्ये खरा फायदा हा आहे. ४५ दिवस वगैरे त्यानंतर.

पैशात मात्र फायदा धरू नका. कोटेशन काढून शेवटचं पान बघा, जोतं, सेप्टिक टँक, वाहतूक, जीएसटी यातलं काय त्यात धरलंय?

---

ओटीवरची | शनिवार, २:४५

बघितलं. १८५० च्या हिशोबाने ८ लाख ८८ हजार. खाली बारीक अक्षरात अठरा टक्के जीएसटी वेगळा, म्हणजे १० लाख ४८ हजार झाले. जोतं आमचं आम्ही करून द्यायचं, गवंडी त्याचे पावणेदोन लाख म्हणतोय. म्हणजे सव्वाबारा लाखाच्या आसपास आणि वाहतूक वेगळीच. चिऱ्याचे २३०० ने ११ लाख ४ हजार होतात. मी तर उलटंच समजून बसले होते!

---

गुहागरकर_बापू | शनिवार, संध्या. ६:२०

आम्ही २०१९ मध्ये निवृत्तीनंतर असंच घर घेतलं, साधारण तुमच्याच मापाचं. पाचव्या पावसाळ्यात काय होतं विचारलंत ना, ते मी सांगू शकतो कारण आमचं तिसऱ्यातच झालं.

२०२१ च्या जुलैत पश्चिमेच्या भिंतीला आतून, स्कर्टिंगच्या टाइलवर एक तांबूस रेघ दिसायला लागली. पुसली की जायची, आठवड्याने परत. बायकोला वाटलं मुंग्यांनी माती काढली. मग तिथला बोर्ड अंगठ्याने दाबला तर आत गेला, ओल्या बिस्किटासारखा. आतून जिप्सम बोर्ड होता आमच्याकडे. स्क्रूची डोकी रंगातून तपकिरी ठिपक्यांसारखी वर आलेली, ओळीने, खालून दीड फुटापर्यंतच. वर सगळं स्वच्छ कोरडं.

दिवाळीत तो खालचा भाग कापून काढला तेव्हा कळलं. सगळ्यात खालचा आडवा चॅनल, ज्यात उभे चॅनल बसतात तो, त्याच्यात पाणी साठत होतं आणि चौदा फूट लांबीत तो हाताने मोडत होता. उभ्यांचेही पाय गेले होते.

कारण? जोतं. ते स्थानिक गवंड्याने बांधलेलं आणि कोणीच कर्ण मोजला नव्हता. दोन कर्णांत दीड इंचाचा फरक होता. फॅक्टरीतून आलेला सांगाडा बरोबर काटकोनात, जोतं तिरकं, त्यामुळे एका कोपऱ्याला भिंत जोत्याबाहेर इंचभर लोंबत होती आणि पश्चिमेला उलट, भिंतीबाहेर जोत्याची इंचभर पायरी उरली होती. बाहेरच्या बोर्डावरून ओघळलेलं पाणी त्या पायरीवर थांबायचं आणि चॅनलखालून आत यायचं. उभारणीवाल्या पोरांनी तिथे सिमेंटची गोलाई मारून झाकलं होतं, ती दोन पावसाळ्यांत तडकली. एक लाख दहा हजार गेले दुरुस्तीत, आणि ज्यांनी बांधलं ते म्हणाले जोतं तुमचं होतं.

---

चिरेबंदी | शनिवार, ६:५५

हेच म्हणत होतो मी. लोखंड गंजलंच ना शेवटी.

---

सांधेजोड | शनिवार, रात्री ९:३०

चिरेबंदी साहेब, तुमचं निम्मं बरोबर आहे. खिडकीचा गज साधा लोखंडी असतो, वर फक्त रंग. हे चॅनल जस्त चढवलेले, चांगल्या मालावर दोन्ही बाजू मिळून चौरस मीटरला २७५ ग्रॅम जस्त असतं, आणि ते कोरडं राहिलं, मधे भिजलं तरी वाळलं, तर लवकर काही होत नाही. बापूंच्याच घरात बघा, दीड फुटाच्या वर सगळं चांगलं होतं, हवा तीच, समुद्र तोच. जस्त मार खातं ते पाणी साचून राहिल्यावर, ओल्या सिमेंटला चिकटल्यावर आणि कापलेल्या टोकांना.

त्या टोकांचं जरा सांगतो कारण हे साइटवर उभं राहिलेल्याला दिसतं. फॅक्टरीत चॅनल मशीनवर मापात कापून येतो. साइटवर काही जुळलं नाही की पोरं ग्राइंडर काढतात. ठिणग्यांनी कडेचं जस्त जळतं आणि ठिणग्या आजूबाजूच्या पत्र्यावर चिकटतात, पहिल्या पावसात तिथे मिरीएवढे लाल डाग उठतात. म्हणून साइटवर ग्राइंडर जास्त वाजायला लागला की समजायचं, ड्रॉइंग आणि जोतं जुळलेलं नाही. कात्रीने कापायला लावा आणि कापल्यावर झिंकच्या रंगाचा हात द्या.

बापूंचा कर्ण बरोबर आहे. २४ बाय २० ला दीड इंचाचा फरक म्हणजे एक बाजू इंचभर सरकलेली. चिऱ्याच्या घरात हा इंच गवंडी प्लास्टरमध्ये जिरवतो, कोणाला कळतही नाही. प्रीफॅबमध्ये तो जिरत नाही, घर आधीच बनून आलेलं असतं. तर ताई, जोतं झालं की ट्रक बोलवायच्या आधी स्वतः टेप लावा, दोन्ही कर्ण ३१ फूट ३ इंचांच्या जवळ यायला हवेत आणि दोघांतला फरक पाव इंचात हवा. मग चारही बाजूंनी लेव्हल ट्यूबने पातळी बघा. आणि फरक जास्त आला तर जोतं दुरुस्त होईपर्यंत माल फॅक्टरीतून हलू देऊ नका, कारण एकदा माल पाखाडीत पडला की सगळ्यांनाच घाई होते.

---

दूरचा_पाऊस | रविवार, पहाटे ४:४८

ऑकलंडहून. इथे हलक्या सांगाड्याचीच घरं असतात, लाकडाची, पण बापूंनी लिहिलं ते अगदी तेच इथे मोठ्या प्रमाणावर झालंय. नव्वदच्या दशकाच्या मध्यापासून साधारण २००४ पर्यंत बांधलेली हजारो घरं आतून कुजली. बाहेरचं प्लास्टरसारखं आवरण थेट सांगाड्यावर चिकटवलेलं, वळचणी जवळजवळ नाहीत आणि लाकूड प्रक्रिया न केलेलं. पाणी कुठूनतरी आत जायचं आणि बाहेर पडायला वाट नाही. नंतर नियम बदलले आणि बाहेरचं आवरण आणि भिंत यांच्यात २० मिमीची मोकळी फट ठेवायला लागले, वरून आत गेलेलं पाणी त्या फटीतून खाली उतरून बाहेर पडतं. पाणी शंभर टक्के अडवता येईल असं गृहीत न धरता ते निघून कसं जाईल ते बघायचं. तुमच्या कंपनीला विचारा, बाहेरचा बोर्ड सांगाड्यावर थेट मारणार की पट्ट्यांवर.

---

ओटीवरची | रविवार, सकाळी ९:१५

विचारलं आत्ताच फोनवर. थेट मारतात म्हणे, आणि सांध्यांना सिलिकॉन. पट्ट्या लावून देऊ पण चौ. फुटाला वेगळे पैसे.

---

सांधेजोड | रविवार, ९:५०

द्या ते पैसे, निदान पश्चिम आणि दक्षिण बाजूला तरी, पाऊस तिकडून मारतो. सिलिकॉन उन्हात सुटतं, त्याच्या भरवशावर भिंत नको. शिवाय दोन गोष्टी. पागोळ्या जमिनीवर पडून उडतात ते पाणी भिंतीवर दीड फूट चढतं, बापूंची रेघ तेवढीच होती बघा. म्हणून छप्पर निदान तीन फूट बाहेर काढा आणि पागोळी पडते तिथे कोबा न करता खडी टाका, उडणं निम्म्यावर येतं. आणि जोत्यावर भिंतीच्या रेषेत चिऱ्याचा किंवा काँक्रीटचा एक थर उचलून घ्या, चॅनल त्यावर बसवा, बाथरूमला तर नक्कीच.

---

गुहागरकर_बापू | रविवार, १०:३०

आम्ही दुरुस्तीत हेच केलं. एक चिऱ्याचा थर, वर पत्र्याची टोपी बाहेरच्या बाजूला उतार देऊन. त्यानंतर रेघ दिसली नाही. दर जूनमध्ये मी अजून अंगठा दाबून बघतो.

---

चिरेबंदी | रविवार, ११:२०

बरं, पाण्याचं मान्य. वाऱ्याचं काय? ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर दुसऱ्या आठवड्यात श्रीवर्धन-दिवेआगरला मी नातेवाइकांकडे मदतीला गेलो होतो. पत्रे अख्खेच्या अख्खे वाडीत सुपारीवर जाऊन गुंडाळलेले. कौलं आमचीही गेली पण भिंती जागच्या जागी. हलकं घर म्हणजे हलकं, उडणारच.

---

सांधेजोड | रविवार, दुपारी १२:१५

हा मुद्दा पूर्ण बरोबर, आणि विकणारे यावर बोलत नाहीत. हिशोब सोपा आहे. ताशी १२० किलोमीटरच्या झोतात छपराच्या चौरस मीटरवर साधारण ६५-७० किलोची ओढ वरच्या दिशेला येऊ शकते, कडांना आणि कोपऱ्यांना त्याहून जास्त. पफ पॅनल आणि त्याला खालून धरणारे आडवे चॅनल, म्हणजे पर्लिन, मिळून वजन वीसेक किलो. म्हणजे ताईंच्या ४५ चौरस मीटरच्या छपरावर वजा जाता दोन टनांच्या वर ओढ उरते. पाच इंची स्लॅबचं स्वतःचंच वजन चौरस मीटरला तीनशे किलो, तो हलत नाही.

मग ही ओढ घरातून खाली जमिनीत नेऊन बांधावी लागते. छपराचा स्क्रू पर्लिनला, पर्लिन पट्टीने उभ्या चॅनलला, उभा खालच्याला, खालचा अँकर बोल्टने जोत्याला. एक दुवा कमी पडला की तिथून सुटतं. मी दर दोन फुटांवर १२ एमएमचा अँकर मारतो आणि कोपऱ्यात आणि दाराच्या दोन्ही बाजूंना उभा चॅनल जोत्याला धरून ठेवणारं जाड होल्डडाउन. पण तो बोल्ट कशात जातो ते महत्त्वाचं. नुसत्या दगडमातीच्या जोत्यावर दोन इंच काँक्रीट ओतलं असेल तर बोल्ट ढेकळासकट वर येईल. वर सलग आरसीसी बीम हवाच, तुमच्या गवंड्याच्या पावणेदोन लाखात तो आहे का विचारा.

आणि मी बाहेर तीन फूट वळचण काढायला सांगितली, ती पावसाला चांगली पण वाऱ्याला वाईट, खालून उचलते. म्हणून पडवीच्या खांबांनाही तळाशी बोल्ट हवेत, नुसते खड्ड्यात उभे केलेले नकोत.

---

कोयनाकाठ | रविवार, १:४०

वजनाची दुसरी बाजू पण बघा. आमच्याकडे ११ डिसेंबर १९६७ च्या कोयना भूकंपाची पहाट अजून सांगतात, वडील तेव्हा नऊ वर्षांचे, दगडाची भिंत अंथरुणावर आली होती. भूकंपात घरावर येणारं बळ घराच्याच वजनाच्या प्रमाणात असतं. नऊ इंची चिऱ्याची भिंत चौरस मीटरला साडेचारशे-पाचशे किलो, या बोर्डच्या भिंती त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास. संगमेश्वर कोयनेपासून फार लांब नाही. चिऱ्याचंच बांधणार असाल तर लिंटेलला सलग पट्टा आणि कोपऱ्यात उभ्या सळ्या घ्या, जुन्या चिरेबंदी घरांत त्या नाहीत.

---

चिरेबंदी | रविवार, २:०५

पट्ट्याचं मान्य आहे, आमच्या घराला नाही. तो बसवायचा विचार कधी केला नव्हता.

---

ओटीवरची | रविवार, संध्या. ५:३०

सगळं आईला वाचून दाखवलं. तिने दोनच प्रश्न विचारले, झोपाळा कुठे टांगायचा आणि उकडेल का.

---

सांधेजोड | रविवार, ६:१०

झोपाळ्याचं आईंनी आत्ता विचारलं हे फार बरं केलं. चिऱ्याच्या घरात वासा असतो, कडी कधीही ठोकता येते. इथे भिंतीत, छपरात काय टांगणार ते चॅनल कापायच्या आधी ठरवावं लागतं. झोपाळ्यावर दोन माणसं बसून हलली की नुसतं वजन नाही, त्याहून जास्त ओढ कड्यांना बसते, तीही पुन्हा पुन्हा. पर्लिनला कडी मारली तर ती वळेल. पडवीत दोन खांबांवर वेगळा जाड पाइप सांगा, फक्त झोपाळ्यासाठी, छपराशी संबंध नको.

तसंच गिझर, किचनची वरची कपाटं, देवघर, टीव्ही, पुढेमागे बाबांना संडासात धरायला दांडी लागेल ती, या सगळ्यांच्या मागे बोर्ड बंद व्हायच्या आधी चॅनलमध्ये १८ एमएमचं प्लाय बसवून घ्या आणि प्रत्येक भिंतीचा टेप धरून फोटो काढून ठेवा. नंतर ‘इथे खिळा मारू का’ विचारायला कोणी नसतं.

---

गुहागरकर_बापू | रविवार, ७:००

उकडण्याचं मी सांगतो. मार्च-एप्रिलमध्ये दुपारी अकरापासून घर तापतं, चिऱ्याच्या घरात जो दुपारचा गारवा असतो तो इथे मिळत नाही. पण रात्री आठला घर गार होतं, आमच्या भावाचं स्लॅबचं घर रात्री एकपर्यंत उसासे टाकत असतं. छपराच्या शिखराला हवा बाहेर पडायला जाळी केल्यावर बराच फरक पडला. पावसाचा आवाज मात्र आहे, जुलैत जोर धरला की जेवताना आवाज चढवून बोलावं लागतं. मला ऐकू कमी येतं म्हणून असेल, पण मला तो आवडतो, बायकोला नाही. खाली सीलिंग आणि वर रॉकवूल घातलं तर कमी होतो म्हणतात, आम्ही केलेलं नाही.

एक खंत सांगतो. मुलाला पुढे एक खोली वाढवायची होती. ज्यांनी घर दिलं त्यांनी या भागातलं काम बंद केलंय आणि गावातला गवंडी हात लावत नाही. शेवटी ती खोली चिऱ्याची बांधली, दोन्हींच्या मधे पन्हाळ घालून.

---

चिरेबंदी | रविवार, ८:१५

हा मुद्दा माझ्या मते सगळ्यात मोठा आहे आणि याला सांधेजोड साहेबांकडेही उत्तर नसेल. चिरा गेला तर खाणीवरून दुसरा आणता येतो, बसवणारा गावात आहे. यांचा चॅनल, यांचं ड्रॉइंग, यांचीच माणसं.

---

सांधेजोड | रविवार, ८:५०

उत्तर अर्धंच आहे. ड्रॉइंगची प्रत, चॅनलचं माप आणि जाडी, स्क्रूचा प्रकार हे सगळं करारात लिहून घ्या, म्हणजे दुसरा फॅब्रिकेटर निदान हात घालू शकेल. पण संगमेश्वरात तो आज नाही, चिपळूण-रत्नागिरीहून आणावा लागेल, हे खरंच आहे. आणि कर्ज काढणार असाल तर बँकेला आधी विचारा, काही शाखा अशा घराला अडवतात.

---

शेतघर२१ | रविवार, ९:१०

कंटेनर रद्द. सात फुटांचं वाचून घरी दोरी आखून बघितली, खरंच जमत नाही. माझ्या शेतावर गाडी थेट येते, मग मला चिरा परवडेल की हे?

---

ओटीवरची | रविवार, १०:०५

सगळ्यांचे मनापासून आभार. अजून ठरलं नाहीये. बाबा चिऱ्याच्या बाजूने आहेत, आई म्हणते पुढच्या गणपतीला मला गावच्या घरात राहायचंय, कशाचं का असेना. पाखाडीवरून चिरे वाहायचा दर काढायला सांगितलाय गवंड्याला, तो आला की इथे टाकते. जोतं दोन्हीकडे लागणारच आहे तर आरसीसी बीमसकट ते आधी करून घेतोय, कर्ण मी स्वतः मोजणार.

बापू, पुढच्या शनिवारी गावी जातेय. तुमच्या घरी येऊन ती पश्चिमेची भिंत बघितली तर चालेल का?

---

गुहागरकर_बापू | रविवार, १०:२०

या की. जेवायलाच या. टेप माझ्याकडे आहे, पन्नास फुटी.